ट्रॅक्टरचं कर्ज: शोरूमचं फायनान्स की बँक? आणि हप्ता कोणत्या महिन्यात लावून घ्यावा?

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. लातूर जिल्ह्यात आमची सात एकर जमीन आहे. खरिपाला चार-पाच एकर सोयाबीन आणि त्यात तुरीच्या ओळी, रब्बीला हरभरा. विहिरीचं पाणी दोन एकरांपुरतंच. नांगरणीपासून पेरणीपर्यंत सगळं भाड्याच्या ट्रॅक्टरवर चालतं आणि ऐन वापशावर ट्रॅक्टरवाला दुसऱ्याच्या रानात असतो. म्हणून यंदा दसऱ्याला 45 एचपीचा ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर घ्यायचं घरात ठरतंय. दोन्ही मिळून 7 लाख 70 हजारांचं कोटेशन आहे. 2 लाख 70 हजार घरचे, 5 लाख कर्ज.

शोरूममधला फायनान्सवाला म्हणतो, 9 टक्के व्याज, पाच वर्षं, सहा महिन्यांनी एक हप्ता 72,500 चा, असे दहा. आधार, पॅन, सातबारा, आठ अ आणि एक जामीनदार दिला की दोन दिवसांत ट्रॅक्टर दारात. गावच्या राष्ट्रीयीकृत बँकेत गेलो तर दर साडेदहा टक्के सांगितला, जमीन गहाण द्यावी लागेल म्हणाले आणि महिनाभर तरी लागेल.

9 आणि साडेदहा बघितलं तर शोरूमचं स्वस्त दिसतंय. मग लोक बँकेच्या मागे का लागतात? आणि दुसरं म्हणजे, हप्ता कोणत्या महिन्यात असावा, हे आपल्याला ठरवता येतं का?

गोदावरीचा_गडी

दादा, 45 एचपी कशाला? सात एकराला 30-35 एचपी भरपूर झाला. डिझेल कमी खातो, आंतरमशागतीलाही चालतो. लोक शेजाऱ्याचा बघून मोठा घेतात.

मांजराकाठ

भाऊ, आमची काळी भारी जमीन आहे. उन्हाळ्यात पलटी नांगर लावला की छोटा दम टाकतो. शिवाय गावात थोडं भाड्याचं काम करायचं आहे. पण माझा प्रश्न कर्जाचा आहे.

किसान_प्रवीण

बँकच घ्या. किसान क्रेडिट कार्डावर काढलं तर 4 टक्क्यांनी बसतं, आणि आपल्या राज्यात तर वेळेत भरलं की तीन लाखांपर्यंत शून्य टक्के. शोरूमच्या नादी लागूच नका.

निवृत्त_कृषी_अधिकारी

प्रवीणराव, तुम्ही सांगता तो दर पीक कर्जाचा. 7 टक्के, वेळेत फेडलं की 3 टक्के सूट म्हणजे 4, आणि वर राज्याची पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना. ही सगळी सवलत बी-बियाणं-खतासाठी घेतलेल्या अल्पमुदतीच्या कर्जाला आहे. ट्रॅक्टरचं कर्ज मुदत कर्ज असतं, त्याला ती लागू होत नाही. काही जण कार्डाचे पैसे उचलून ट्रॅक्टरला लावतात. मग वर्षभरात ते पूर्ण परत करायची वेळ येते, ट्रॅक्टर तर पाच वर्षांत पैसे देणार असतो. पीक कर्ज थकलं की सवलत जाते आणि पुढच्या पेरणीला बँक दारात उभं करत नाही. हे दोन्ही एकत्र करू नका.

मांजराकाठ, शोरूमवाल्याने जो 9 टक्के सांगितला तो फ्लॅट आहे का, ते आधी विचारा.

गणिताचे_सर

विचारायची गरज नाही, हप्त्यावरूनच कळतं. 72,500 गुणिले दहा म्हणजे 7 लाख 25 हजार. 5 लाखांवर 2 लाख 25 हजार व्याज. 5 लाखांचे 9 टक्के म्हणजे वर्षाला 45 हजार, पाच वर्षांचे बरोबर 2 लाख 25 हजार. म्हणजे पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण 5 लाखांवर व्याज धरलंय.

आता हे जवळून बघा. प्रत्येक हप्त्यात मुद्दल 50 हजार आणि व्याज 22,500. दहाव्या हप्त्याच्या वेळी तुमच्याकडे मुद्दल उरलंय फक्त 50 हजार, आणि त्या सहा महिन्यांचं व्याज मात्र तेच 22,500. नऊ हप्ते फेडून झालेल्या पैशांवरही तुम्ही व्याज देताय.

बँक उरलेल्या मुद्दलावरच व्याज लावते. तिथे 5 लाख, साडेदहा टक्के, सहामाही दहा समान हप्ते धरले तर हप्ता येतो साधारण 65,550. एकूण परतफेड साडेसहा लाखांच्या थोडी वर. दोन्हींत फरक 70 हजारांच्या जवळपास. शोरूमचा 9 टक्के फ्लॅट बँकेच्या पद्धतीनं मोजला तर 14.8 टक्के होतो.

मांजराकाठ

सर, 70 हजार म्हणजे आमच्या एका हप्त्याएवढी रक्कम! हे त्यानं सांगितलंच नाही.

शोरूमात_नोकरी

मी मराठवाड्यातच एका डीलरकडे काम करतो, म्हणून दुसरी बाजूही मांडतो. सरांचा हिशेब बरोबर आहे. फायनान्स कंपनीचा माणूस फ्लॅटच बोलतो, कारण आकडा लहान दिसतो. पण आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी लोकांना बँक उभं करत नाही. कुणाची जमीन सामायिक, कुणाचं सोसायटीचं जुनं थकलेलं, कुणी आयुष्यात कर्जच घेतलेलं नाही म्हणून सिबिलला काही दिसत नाही. त्यांना कंपनीच ट्रॅक्टर देते आणि ती जोखीम दरात धरते.

तरी आमच्या काउंटरवर तीन गोष्टी विचाराच.

एक, 5 लाख मंजूर म्हणजे ट्रॅक्टरच्या किमतीत 5 लाख वळते होणार का? बहुतेक वेळा फाइल चार्ज आणि कर्जदाराचा जीवन विमा त्यातूनच कापतात. समजा 27 हजार कापले, तर तुमच्या कामाला आले 4 लाख 73 हजार आणि हप्ता पूर्ण 5 लाखांचा. ट्रॅक्टरचा विमा वेगळा, तो कुठेही लागतोच. जीवन विमा नको असेल तर तोंडी नाही, अर्जावर लिहून द्या.

दोन, बँकेचं पेमेंट आणणाऱ्या गिऱ्हाइकाला रोख सूट किती? फायनान्सवर विकलं की डीलरला कंपनीकडून काही रक्कम मिळते, म्हणून सेल्समन तिकडे ढकलतो. बँकेकडून एकरकमी पैसे येणार असतील तर घासाघीस करायला जागा असते.

तीन, परतफेडीचा तक्ता सही करायच्या आधी हातात मागा. तारखा त्यातच असतात.

गणिताचे_सर

27 हजार कापले तर तोच दर 14.8 वरून 17 च्या वर जातो. कर्ज देणाऱ्याकडून 'केएफएस' म्हणजे मुख्य बाबींचं पत्रक मागून घ्या. सगळे आकार धरून वर्षाचा खरा दर किती, ते त्यात एका आकड्यात लिहिलेलं असतं. बँकेचं आणि कंपनीचं पत्रक शेजारी ठेवा आणि फक्त तो एक आकडा ताडून बघा.

पंचगंगा_ऊसवाला

आमच्याकडे वर्षाचा एकच हप्ता, 31 मार्चला. ऊस गेला, बिल जमा झालं, हप्ता भरला, विषय संपला. सहामाही कशाला घेता? वर्षाचा एक हप्ता सगळ्यांना सोयीचा.

सोयाबीन_कट्टा

दादा, तुमच्याकडे कारखान्याचं बिल एकदम येतं. आमच्याकडे सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या पुढेमागे, तुरीचा संक्रांतीनंतर, हरभऱ्याचा शिमग्याला. तो हातात आला की लग्न, दवाखाना, खत यात जातो. वर्षाला एकदम सव्वा लाख काढायचे म्हटले तर कोणत्याच पिकातून पूर्ण निघत नाहीत.

पंचगंगा_ऊसवाला

मान्य. तरी आमचंही बिल एकदम येतंच असं नाही बरं. कायद्यानं ऊस गेल्यापासून 14 दिवसांत एफआरपी द्यायची, पण तोडच फेब्रुवारीअखेर आली तर 31 मार्च गाठताना दमछाक होते. म्हणून माझ्या भावानं बँकेत अर्ज देऊन हप्ता मेअखेरीस लावून घेतला.

गणिताचे_सर

वर्षाचा एक हप्ता घेतला तर बँकेच्या साडेदहानं तो 1 लाख 33 हजार 600 च्या आसपास बसतो. मुद्दल उशिरा फिटतं म्हणून पाच वर्षांत सहामाहीपेक्षा साडेबारा हजार जास्त जातात. ही रक्कम फार नाही. खरा प्रश्न सोयाबीन_कट्टा म्हणाले तोच, एवढे पैसे एका वेळी हातात राहतात का.

निवृत्त_कृषी_अधिकारी

आता मूळ प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे येतो, कारण माझ्या मते दरापेक्षाही शेतकरी तिथेच जास्त अडकतो.

सहामाही हप्ता म्हटलं की आपण समजतो, पीक निघाल्यावर हप्ता. प्रत्यक्षात फायनान्स कंपनीची तारीख पैसे सुटल्याच्या दिवसापासून मोजली जाते. तुम्ही दसऱ्याला ट्रॅक्टर आणला की पहिला हप्ता एप्रिलमध्ये आणि दुसरा थेट पुढच्या ऑक्टोबरमध्ये. पाडव्याला किंवा अक्षय्य तृतीयेला आणला तरी तेच, फक्त क्रम उलटा. मुहूर्तावर ट्रॅक्टर घ्यायची आपली रीत आहे, आणि त्या मुहूर्तानंच पाच वर्षांच्या हप्त्यांचे महिने ठरून जातात.

एप्रिल तुम्हाला चालेल, हरभरा विकून झालेला असतो. ऑक्टोबर मात्र लातूर भागासाठी सगळ्यात वाईट महिना. सोयाबीन नुकतंच खळ्यावर आलेलं, त्यात परतीचा पाऊस. दाण्यात ओलावा 16-18 टक्के. बाजार समितीत आवक तुंबलेली. व्यापारी ओलाव्यापोटी कपात करतो आणि भावही पाडून मागतो. हमीभाव केंद्राला 12 टक्क्यांच्या आतला माल लागतो. ती केंद्रं सुरू व्हायलाच बहुधा ऑक्टोबर उलटतो, नंतर नोंदणी, नंबर, मग पैसे खात्यावर. तुमचा हप्ता 20 ऑक्टोबरला असेल तर हमीभावाचा रस्ता तुमच्यासाठी बंद झाला.

2025-26 च्या हंगामाचा सोयाबीनचा हमीभाव 5,328 होता. त्या भावानं 72,500 चा हप्ता पावणेचौदा क्विंटलात निघतो. ओला माल 4,100 नं घालावा लागला तर तोच हप्ता पावणेअठरा क्विंटल खातो. चार क्विंटल सोयाबीन फक्त तारखेपायी गेलं, आणि हे दरवर्षी.

म्हणून बँकेत अर्ज करतानाच पीकपद्धती लिहून द्या आणि हप्ते 31 डिसेंबर आणि 30 एप्रिल असे मागा. दोन्ही हप्ते सारखे हवेत असंही नाही. खरिपाला मोठा, रब्बीला लहान असं बांधून देता येतं. मंजुरीपत्रात तारखा आल्या नाहीत तर शाखेत जाऊन तिथेच दुरुस्त करून घ्या. संगणकात एकदा तक्ता बसला की नंतर बदलायला फार हेलपाटे होतात.

सोयाबीन_कट्टा

काका, डिसेंबरपर्यंत थांबून भाव वाढेल हे कशावरून? गेल्या काही वर्षांत थांबलेल्यांना बाजारात फारसं काही मिळालं नाही. मी स्वतः माल ठेवून शेवटी त्याच भावात घातला.

निवृत्त_कृषी_अधिकारी

बाजारभाव वाढेल असं मी म्हणत नाही, ते कुणीच सांगू शकत नाही. माझं म्हणणं वाळलेल्या मालाचं आणि हमीभाव केंद्राचं आहे. माल 10-11 टक्क्यांवर आणून, चाळणी करून, नंबर येईपर्यंत थांबायची उसंत मिळाली पाहिजे. त्यानंतर कुठे विकायचं ते तुम्ही ठरवा. ऑक्टोबरचा हप्ता ही निवडच काढून घेतो.

पुण्यातून_शेती

मला एक समजत नाही. दर महिन्याचा हप्ता का नको? पगारदार माणूस महिन्याला भरतो, व्याजही कमी पडतं. ट्रॅक्टर भाड्यानं चालणार म्हणताय, म्हणजे महिन्याला पैसे येणारच.

रानातली_माई

भाऊ, भाड्याचे पैसे महिन्याला येत नाहीत हो. माझे मालक गेल्यापासून मी आणि मुलगा ट्रॅक्टर चालवतो, परभणीकडे. रोटाव्हेटर मारून घेणारा म्हणतो, "वहिनी, सोयाबीन झालं की देतो." डिझेल मात्र त्याच दिवशी रोखीनं भरावं लागतं. जून-जुलैत वहीत उधारी फुगलेली असते आणि हातात काही नसतं. ज्याच्याकडे काम केलं त्याचं पीक आणि माझं पीक एकाच वेळी निघतं, म्हणजे भाड्याचा पैसाही सुगीलाच.

आमच्या कर्जाला आधी महिन्याचा हप्ता होता. बँक खात्यातून आपोआप वळता व्हायचा. खात्यात पैसे नसले की कंपनीचा दंड वेगळा, बँकेचा वेगळा. तीन-चार महिने असं झाल्यावर वसुलीवाले घरी आले. गावासमोर मोठ्यानं बोलले. सोनं तारण ठेवून ते भरलं आणि पुढे अर्ज करून हप्ता सहामाही करून घेतला. तेव्हापासून श्वास घेतोय. ज्याच्या घरात कुणी पगारावर आहे किंवा ज्याच्या घरचं दूध डेअरीला जातं, त्यानंच महिन्याचा हप्ता घ्यावा.

पुण्यातून_शेती

माई, उधारीचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. दूध असलेल्याला महिन्याचा जमेल, हे पटलं.

मांजराकाठ

माई, तुम्ही लिहिलंत म्हणून कळलं. मी भाड्याचे पैसे हिशेबात महिन्याला धरले होते.

काका, तुमचं सगळं पटतंय, पण माझी खरी अडचण आता सांगतो. सातबारा वडील आणि चुलते यांच्या नावावर सामायिक आहे. वाटणी तोंडी झालेली, फेरफार नाही. बँक म्हणते चुलत्यांची सही आणा. चुलत्यांचं म्हणणं, "तुझ्या ट्रॅक्टरसाठी माझ्या रानावर बोजा का?" त्यांचंही चूक नाही. आणि आईला गहाण हा शब्दच नको आहे.

गोदावरीचा_गडी

चुलत्यांची सही मागू नका, त्यावरून घरं फुटली आहेत आमच्या गावात. शोरूमचं घ्या आणि मोकळे व्हा. तिथे फक्त ट्रॅक्टरच तारण.

शोरूमात_नोकरी

फक्त ट्रॅक्टर तारण हे खरं आहे, पण त्याचा दुसरा अर्थही ध्यानात घ्या. कंपनीकडे ओढायला ट्रॅक्टरच आहे, म्हणून थकलं की ती लवकर हलते. तीन महिने थकीत झालं की खातं खराब धरतात, आणि ओढून नेलेला ट्रॅक्टर यार्डात ज्या भावाला जातो त्यातून कर्ज फिटतंच असं नाही. उरलेली रक्कम तुमच्या आणि जामीनदाराच्या मागे राहते. ट्रॅक्टर गेला म्हणजे सुटलो, असं कुणी समजू नये.

निवृत्त_कृषी_अधिकारी

बँकेत शेतीचं खातं एनपीए धरायची मोजणी पीक हंगामावर असते. सोयाबीन-हरभऱ्यासारख्या कमी मुदतीच्या पिकांना दोन हंगाम थकल्यावर. पैसेवारी 50 पैशांच्या आत आली तर हप्त्यांची फेररचना मागता येते, पण ती मागावी लागते, घरी चालून येत नाही. सिबिलवर मात्र थकलेले दिवस दिसतातच, म्हणून हंगामाची सवलत आहे म्हणून निवांत राहू नका.

गहाणाबद्दल आईंना सांगा. शेतजमिनीला सरफेसी कायदा लागू नाही, त्यामुळे बँक नोटीस देऊन परस्पर कब्जा घेऊ शकत नाही. जिल्हा बँक, पतसंस्था यांचं वेगळं आहे, त्यांना सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुलीचा दाखला मिळतो आणि तो झपाट्यानं चालतो. कर्ज फिटल्यावर मात्र आठवणीनं दोन कामं करायची. बेबाकी दाखला घेऊन सातबाऱ्यावरचा बोजा कमी करायचा आणि आरटीओत फॉर्म 35 देऊन आरसीवरची तारणाची नोंद काढायची. कित्येकांचं कर्ज फिटून वर्षं झाली तरी इतर हक्कात बोजा तसाच असतो आणि पुढचं कर्ज तिथे अडतं.

सामायिक सातबाऱ्यावर उपाय म्हणजे वाटणी करून घेणं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली सगळे राजी असतील तर तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. ते दसऱ्यापर्यंत होईल असं मला वाटत नाही.

सोयाबीन_कट्टा

मग दसराच सोडा की. हरभऱ्याची पेरणी या वर्षी भाड्यानं होऊ द्या. वाटणीचा फेरफार झाला की उन्हाळ्यात नांगरणीच्या आधी घ्या.

रानातली_माई

महाडीबीटीवर अर्ज केलाय का कुणी विचारलंच नाही. यांत्रिकीकरणात ट्रॅक्टरला अनुदान असतं. पण पूर्वसंमतीचं पत्र हातात यायच्या आधी ट्रॅक्टर घेतला तर एक रुपया मिळत नाही. आमच्या गावात एकानं पाडव्याला आणला आणि पत्र नंतर आलं. बसला हात चोळत.

मांजराकाठ

अर्ज केलाय माई, वडिलांच्या नावानं. अजून पत्र नाही. म्हणजे दसऱ्याला घेतला तर तेही गेलं.

गणिताचे_सर

पत्राची वाट किती बघायची हे मात्र कुणी सांगू शकणार नाही. पण अनुदान मिळालं तर ते खात्यावर नंतर येतं, आधी पूर्ण पैसे तुम्हालाच भरावे लागतात. ते आल्यावर कर्जात भरायचं असेल तर मुदतीआधी भरण्याचा आकार किती, हे आत्ताच विचारा. फ्लॅट कर्जात कंपनीनं आधी भरलेल्या रकमेवर व्याज कमी केलं नाही तर अनुदान भरून फायदा फारसा उरत नाही.

पंचगंगा_ऊसवाला

वर्षाला किती तास चालणार ट्रॅक्टर, हे कुणी मोजलं का? सात एकर घरचं म्हणजे काहीच नाही. भाड्याचं काम धरलं तरच हप्ता निघणार.

मांजराकाठ

मोजलंय दादा. घरच्या कामाचं भाडं सध्या वर्षाला 35-40 हजार जातं, ते वाचेल. म्हणजे साडेपासष्ट हजारांचे दोन हप्ते धरले तर वर्षाला 90 हजारांच्या वर भाड्याच्या कामातून किंवा पिकातून यायला हवेत. आमच्याकडे रोटाव्हेटर एकरी 1,200 नं मारतात. डिझेल आणि झीज जाऊन निम्मे राहतात असं धरलं तर दीडशे एकर काम लागतं. गावात आधीच सहा ट्रॅक्टर आहेत. त्यामुळे सगळं भाड्यावर निघणार नाही, काही भार सोयाबीनवर येणारच.

पंचगंगा_ऊसवाला

मग तर तारीख फारच जपून ठरवा. काका म्हणतात तेच खरं.

निवृत्त_कृषी_अधिकारी

दीडशे एकरांचा हिशेब मांडलात, हे उत्तम. बँकेत हाच कागद द्या, शाखाधिकाऱ्याला आवडतो. पण माझं स्पष्ट मत विचाराल तर घरचे 2 लाख 70 हजार आहेत, त्यात थोडी भर घालून चांगल्या अवस्थेतला जुना ट्रॅक्टर घ्यायचा विचारही करून बघा. जुन्याला कर्जाचा दर जास्त पडतो, पण कर्जच लहान लागेल.

गोदावरीचा_गडी

जुना नको हो. गिअरबॉक्स उघडला की सगळा फायदा तिथेच जातो. यावर मी काकांशी सहमत नाही.

शोरूमात_नोकरी

जुना घेतलाच तर आरसीवर आधीच्या कर्जाची नोंद निघाली आहे का ते आरटीओत बघूनच पैसे द्या. आणि ओळखीचा मिस्त्री सोबत न्या.

मांजराकाठ

मंडळी, कालच घरात बसून बोललो. चुलत्यांना वाटणीचा फेरफार मान्य आहे, सही फक्त बोजाला नको होती. फेरफार झाला की त्यांचा गट वेगळा होईल, मग प्रश्न मिटला. तलाठ्यांकडे सोमवारी जातोय. शोरूमला फोन करून सांगितलं की दसऱ्याला डिलिव्हरी नको. तो लगेच म्हणाला, दर 8 टक्के फ्लॅट करून देतो. मी विचारलं, ऑक्टोबरचा हप्ता डिसेंबरला होईल का? म्हणाला, साहेबांना विचारून सांगतो.

सर, 8 फ्लॅट म्हणजे बँकेच्या पद्धतीनं किती होईल?

गणिताचे_सर

एकूण व्याज 2 लाख, हप्ता 70 हजार. दर सव्वातेरा टक्क्यांच्या पुढेमागे. वरचे आकार वेगळे. बँकेपेक्षा अजूनही 45 हजारांच्या जवळपास जास्तच. पण फोनवर एक टक्का खाली आला, म्हणजे अजून उतरायला जागा दिसते.

रानातली_माई

डिसेंबर देतो म्हणाला तर कागदावर घ्या. आणि फेरफाराचं काम चाललंय तोवर हरभऱ्यासाठी ट्रॅक्टरवाल्याला आत्ताच सांगून ठेवा, नाहीतर वापसा पुन्हा जाईल.